दर आठवा सभासद : वाचनालयाच्या पाहणीत कुणाला विचारायचं, ते कसं ठरतं?

निवडणुकीचे अंदाज टीव्हीवर सुरू झाले की आमच्याकडे कट्ट्यावर एक वाक्य ठरलेलं असतं. "आमच्या गल्लीत तर कोण इचारायला आलंच नाही की!" आता वाचनालयाच्या बैठकीतही तोच सूर लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या कुठल्याही वाचनालयाच्या कमिटीपुढे वर्षाला एकदा तरी हा वाद येतो. पुस्तकखरेदीचे पैसे थोडे. तरुण मुलं म्हणतात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणा, निवृत्त मास्तर म्हणतात नव्या कादंबऱ्या कुठायत, कुणी म्हणतं कन्नड शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी कन्नड पुस्तकं हवीत. मग कुणीतरी सुचवतं, "पाहणी करूया."

कल्पना चांगली आहे. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : विचारायचं कुणाला? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉर्म टाकला तर ग्रुपवर बोलणारेच भरतात. संध्याकाळी टेबलावर कागद ठेवला तर संध्याकाळी येणारेच लिहितात. दोन्हीकडे उत्तरं भरपूर जमतात, पण ती कुणाची उत्तरं आहेत ते सांगता येत नाही. सगळ्या सभासदांच्या घरी जायला माणसं नाहीत. अशा वेळी एक जुनी, कागद-पेन्सिलीवर करता येणारी पद्धत आहे. सभासदांच्या क्रमवार यादीतून ठराविक अंतराने नावं उचलायची आणि पहिलं नाव चिठ्ठीने ठरवायचं. संख्याशास्त्रात तिला 'पद्धतशीर यादृच्छिक नमुना' म्हणतात. 'यादृच्छिक' म्हणजे कुणाच्या मर्जीने नव्हे, नशिबाने ठरलेलं. 'नमुना' म्हणजे सगळ्यांच्या वतीने ज्यांना विचारायचं ती मोजकी माणसं. निवडणुकीच्या पाहण्या करणाऱ्या लोकनीती-सीएसडीएससारख्या संस्था मतदारयादीतून माणसं निवडतात तीही याच रीतीने.

खाली एक वाचनालय उदाहरणादाखल घेतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, अडचणी मात्र अशा कामात हमखास येणाऱ्या आहेत.

आधी यादी साफ करा

समजा बेळगावजवळच्या एका मोठ्या गावातलं वाचनालय आहे. आसपासच्या तीन गावांतलेही सभासद आहेत. रजिस्टरात शेवटचा सभासद क्रमांक २,३१० आहे. पण म्हणून सभासद २,३१० आहेत असं नाही. कुणी वारलं, कुणी अनामत परत घेऊन गेलं, मुली लग्न होऊन गडहिंग्लजला नाहीतर गोव्याला गेल्या, कुणाची वर्गणी पाच वर्षं थकली. हे सगळे वगळल्यावर चालू सभासद उरतात १,२७०.

इथे अनेक कमिट्या एक घाई करतात. नवी यादी करायचा कंटाळा म्हणून जुन्या सभासद क्रमांकावरच दर आठवा उचलायला लागतात आणि रद्द झालेला क्रमांक आला की "त्याच्या पुढचा चालू माणूस घेऊ" म्हणतात. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. आता रजिस्टरात ४५१ ते ४६० हे दहाही क्रमांक रद्द झालेले आहेत असं समजा. आठाच्या अंतराने चालत गेलं की या दहांत एकदा तरी बोट पडणारच, कुठूनही सुरुवात केली तरी. आणि दर वेळी "पुढचा चालू" म्हणून ४६१ क्रमांकाचा सभासद निवडला जाणार. बाकीच्यांना आठात एक संधी, याला मात्र पक्की जागा. असे मोकळे पट्टे जुन्या रजिस्टरात जागोजाग असतात.

म्हणून चालू सभासदांची नवी यादी करायची आणि तिला १ ते १,२७० असे सलग अनुक्रमांक द्यायचे. सभासद क्रमांक शेजारी राहू दे, निवडीसाठी मात्र हा नवा अनुक्रमांक.

सीमाभागात यादी साफ करताना आणखी एक काम असतं. एकाच माणसाची दोन नावं. जुनं रजिस्टर देवनागरीत, नंतरचं कॉम्प्युटरवर इंग्रजीत, मधल्या काळात कुणी कन्नडमध्ये लिहून गेलेलं. तिन्ही एकत्र केल्यावर मारुती पाटील सहा निघतात आणि त्यातले दोन एकच असतात. ज्याचं नाव दोनदा, त्याची संधी दुप्पट. फोन नंबर आणि घरचा पत्ता लावून बघितल्याशिवाय हे सुटत नाही. सबंध कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायचा भागही हाच.

अंतर किती, सुरुवात कुठून

कमिटीकडे माणसं आहेत तेवढ्यात साधारण १५० घरं होतील असा अंदाज. १,२७० ला १५० ने भागलं की ८.४७ येतात. खालचा पूर्ण आकडा घेऊ, ८. हे झालं अंतर. म्हणजे यादीतून दर आठवं नाव.

आता सुरुवात. पंगत बसली आहे आणि वाढप्याकडे जिलेबी थोडीच आहे असं समजा. तो म्हणतो, दर आठव्या पानावर वाढतो. तसं बघितलं तर कुणावर अन्याय नाही. पण पहिलं पान कुठलं हे त्यानेच ठरवायचं असेल, तर तो मोजायला अशा जागेवरून सुरुवात करेल की त्याचा मेहुणा नेमका आठवा यावा. त्याला पंगतीचा क्रम माहीत आहे, म्हणून त्याच्या हाती निवड सोपवायची नाही. पहिल्या आठ पानांतलं कुठलं, हे चिठ्ठीने ठरवलं की त्याची मर्जी संपली. त्यापुढची सगळी पानं आपोआप ठरतात.

यादीतही तेच. १ ते ८ मधला एक आकडा नशिबाने काढायचा. समजा ५ आला. मग ५, १३, २१, २९ असं आठ-आठ वाढवत जायचं. शेवटचा आकडा येतो १,२६९ आणि नावं होतात १५९. सुरुवात ७ किंवा ८ आली असती तर १५८ झाली असती. एका नावाने फरक पडतो, त्याने काही बिघडत नाही. प्रत्येक सभासदाला आठात एक संधी होती, हे महत्त्वाचं. ज्यांना अगदी १५० च हवेत त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. सुरुवात १ ते १,२७० मधून कुठूनही काढायची, आठ-आठ पुढे जायचं, यादी संपली की पुन्हा पहिल्या नावापासून मोजत १५० पूर्ण करायची. याला वर्तुळाकार पद्धत म्हणतात. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले संख्याशास्त्रज्ञ डी. बी. लाहिरी यांच्या नावाने ती ओळखली जाते.

आकडा काढायला आठ चिठ्ठ्या आणि एक डबा पुरतो. बैठकीत बसलेल्यांकडून एखादी नोट घेऊन तिच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा बघितला तरी चालतं. मात्र ९ किंवा ० आला तर ती नोट सोडून दुसरी घ्यायची. इथे हुशारी करून "९ आला तर १ धरू, ० आला तर २ धरू" असं काही जण करतात. त्याने १ आणि २ यांची संधी दुप्पट होते. कॉम्प्युटरवर यादी असेल तर स्प्रेडशीटच्या एका चौकटीत हे लिहायचं :

```
=RANDBETWEEN(1,8)
```

फक्त लक्षात ठेवा, शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की हा आकडा बदलतो. म्हणून आलेला पहिला आकडा लगेच प्रोसिडिंग बुकात लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. "मनातला एक आकडा सांगा" ही पद्धत मात्र नको. माणसं मनातला म्हणून सात आणि तीन फार वेळा सांगतात, आणि यादी ज्याने केली त्याच्या मनात तर नावंही असतात.

यादीत लपलेली लय

या पद्धतीतला खरा धोका चिठ्ठीत नसतो, यादीच्या क्रमात असतो.

आपल्या वाचनालयाने काही वर्षांपूर्वी कुटुंब-सभासदत्वाची योजना काढली होती असं धरू. एका कुटुंबाला चार कार्डं. रजिस्टरात लिहिताना क्लार्कने दर वेळी तोच क्रम ठेवला : आधी घरचा कर्ता पुरुष, मग बायको, मग थोरलं मूल, मग धाकटं. असा चार-चारचा क्रम पानंच्या पानं चालू आहे. आता अंतर ८ आणि सुरुवात ५. पाचवं नाव दुसऱ्या कुटुंबाच्या कर्त्याचं. तेरावं चौथ्या कुटुंबाच्या कर्त्याचं. एकविसावंही कर्त्याचंच. योजनेची पानं संपेपर्यंत एकही बाई नाही, एकही मूल नाही. चिठ्ठीत ३ आला असता तर थोरल्या मुलांचीच यादी हाती आली असती आणि पाहणीतून निष्कर्ष निघाला असता की गावाला फक्त स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हवीत.

निवड अगदी नियमाने झाली. सुरुवात नशिबाने, प्रत्येकाला आठात एक संधी. तरी हाती आलेला नमुना गावासारखा नाही, कारण यादीची लय चारची आणि आपलं पाऊल आठाचं, चारच्या पाढ्यातलं. दर पावलाला आपण लयीच्या त्याच ठिकाणी पडतो. रजिस्टराच्या एका पानावर २५ ओळी आणि अंतरही २५ असेल तर असंच होतं. प्रत्येक पानावरची तीच ओळ येत राहते.

हे ओळखायचं कसं? चिठ्ठी काढण्याच्या आधी यादीतली कुठलीही सलग ऐंशी नावं घ्या आणि त्यांच्यापुढे पेन्सिलीने १ ते ८ असे आकडे पुन्हा पुन्हा लिहीत जा. मग १ लिहिलेल्या दहा नावांत बायका किती, २ लिहिलेल्या दहांत किती, असं आठही गटांत मोजा. एखाद्या गटात शून्य आणि शेजारच्या गटात दहापैकी दहा दिसलं की लय आहे. थोडाफार कमी-जास्तपणा असणारच, तो चालतो.

'चिठ्ठी काढण्याच्या आधी' हे शब्द मुद्दाम लिहिले. चिठ्ठी निघाल्यावर नावं वाचून "यात बायका कमी दिसतात, पुन्हा काढू" म्हणायला सुरुवात केली की कमिटीला आवडेल अशी यादी येईपर्यंत चिठ्ठ्या निघत राहतात. मग नशीब उरत नाही, पुन्हा वाढप्याची मर्जी आली.

लय सापडली तर उपाय दोन. अंतर असं घ्यायचं की त्याचं चारशी जमत नाही, ७ किंवा ९. ९ घेतलं की आधी कर्ता, मग बायको, मग थोरलं, मग धाकटं असं फिरत राहतं. नाहीतर यादीच दुसऱ्या क्रमाने लावायची. मला दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण त्यातून आणखी एक फायदा पदरात पडतो.

क्रम नीट लावला तर

यादी आधी गावानुसार लावा आणि प्रत्येक गावात वयानुसार. सभासदत्वाच्या अर्जावर जन्मतारीख असतेच. वयाने लावलं की कुटुंबं आपोआप फुटतात आणि चारची लय मोडते.

समजा मुख्य गावात ६४० सभासद, दुसऱ्यात ३२०, तिसऱ्यात २००, चौथ्यात ११०. दर आठवा उचलत गेलं की मुख्य गावातून ८०, दुसऱ्यातून ४०, तिसऱ्यातून २५ आणि चौथ्यातून १३ किंवा १४ नावं येतात. सुरुवात कुठलीही निघो, यात बदल नाही. १,२७० चिठ्ठ्या एकाच पिंपात टाकून १५९ काढल्या असत्या तर चौथ्या गावाची कधी सात, कधी वीसही आली असती. इथे प्रत्येक गावाला त्याच्या मापाने वाटा मिळतो. आणि गावात वयाचा क्रम असल्यामुळे तरुण, मध्यमवयीन, म्हातारे हेही आपोआप येतात.

चौथ्या गावचा सभासद बैठकीत उठून "आमच्या गावाला विचारलंच नाही" म्हणाला तर त्याला उत्तर इथे आहे. गावाला विचारलं, गावाच्या मापाने विचारलं. तुझं नाव आलं नाही, कारण आठातली सात नावं येत नाहीत. तुझ्या वयाचा, तुझ्या गावचा, यादीत तुझ्या मागेपुढे असलेला कुणीतरी आला आहे.

"एकच चिठ्ठी काढली, मग हे रँडम कसलं?"

हा आक्षेप बिनतोड आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. अंतर ८ असताना शक्य नमुने फक्त आठ आहेत. चिठ्ठी त्यातला एक निवडते. यादीत शेजारी असलेले दोघे कधीच एकत्र येऊ शकत नाहीत. म्हणजे प्रत्येक माणसाला समान संधी आहे, पण प्रत्येक जोडीला नाही.

यातून एक अडचण उभी राहते. आपल्या उत्तरात चूक किती असू शकते, हे एकाच चिठ्ठीच्या नमुन्यावरून काटेकोरपणे मोजता येत नाही. बहुतेक लोक "यादीच्या क्रमाचा आवडीनिवडीशी फारसा संबंध नाही" असं गृहीत धरून साध्या नमुन्याचं, म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या एकाच पिंपातून काढलेल्या नमुन्याचं सूत्र वापरतात. गाव-वयाने लावलेल्या यादीत हे सूत्र बहुधा चूक थोडी जास्तच दाखवतं, म्हणजे आपण सावध बाजूला राहतो. लय असलेल्या यादीत मात्र ते फसवतं.

कमिटीत कुणाला आकड्यांची आवड असेल तर यावर सुंदर तोड आहे. अंतर ८ ऐवजी १६ घ्या आणि १ ते १६ मधले दोन वेगळे आकडे काढा. समजा ४ आणि ११ आले. पहिला संच ४, २०, ३६ असा जातो आणि ८० नावं देतो. दुसरा ११, २७, ४३ असा जातो आणि ७९ देतो. एकूण तीच १५९ घरं, तेवढेच श्रम. पण आता एकाच गावाचे दोन स्वतंत्र फोटो हाती आहेत. दोन्ही संचांची उत्तरं वेगळी मोजायची. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना पहिल्यात ५८ टक्के आणि दुसऱ्यात ५४ टक्के पसंती आली तर ५६ च्या आसपास विश्वासाने बोलता येतं. ५८ आणि ३५ आले तर काहीतरी बिघडलंय. यादीत लय असेल, नाहीतर दुसरा संच घेऊन फिरणाऱ्या मुलाने प्रश्नच वेगळे विचारले असतील. नमुना असा तुकड्यांत घेऊन एकमेकांशी ताडून बघायची कल्पना आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालच्या तागाच्या पिकाची पाहणी करताना वापरली. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट १९३१ मध्ये उभी करणारे आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागचे ते हेच. वाचनालयाच्या पाहणीला एवढं कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्यासाठी जास्तीची लागते ती फक्त एक चिठ्ठी.

"घरी कोण नाही, शेजारच्याला विचारून आलो"

पाहणी बिघडते ती बहुतेक वेळा इथे. निवड कितीही शुद्ध असो, पोरं यादी घेऊन बाहेर पडली की दारं बंद असतात. सुगीच्या दिवसांत लोक शेतात, एरवी उद्यमबागच्या कारखान्यात पाळीला. फिरणारा मुलगा शहाणपणा करून शेजारच्या सभासदाला विचारून येतो आणि आकडा पूर्ण करतो. यात तोटा असा की दिवसा घरी सापडणारी माणसंच नमुन्यात जमतात. म्हातारी, गृहिणी, सुट्टीवरची पोरं. ज्यांना संध्याकाळी साडेसातनंतर वाचनालय उघडं हवं आहे, ते कामावर असल्यामुळे पाहणीतून गळतात आणि अहवालात लिहिलं जातं की वेळ वाढवायची कुणाची मागणी नाही.

नियम साधा. माणूस वारला किंवा गाव सोडून गेला असं कळलं तर त्याच्यापुढे तसं लिहायचं आणि पुढे जायचं. तो यादीत असायलाच नको होता, त्याची जागा भरायची नाही. माणूस आहे पण भेटला नाही, तर किमान तीनदा जायचं, त्यातली एक खेप संध्याकाळी आणि एक रविवारी. तरीही नाही भेटला तर 'भेटला नाही' एवढंच लिहायचं. कन्नड बोलणाऱ्या घरी कन्नड येणारा मुलगा पाठवायचा, नाहीतर "भेटले नाहीत" च्या रकान्यात तीच घरं जमत जातात.

आपल्या १५९ पैकी १७ जण वारलेले किंवा बाहेरगावी गेलेले निघाले असं समजा. उरले १४२. त्यातले ११३ भेटले, म्हणजे शंभरात ऐंशीच्या आसपास. हे आकडे अहवालात पहिल्या पानावर हवेत.

आणि जे २९ भेटले नाहीत, त्यांच्याबद्दल वाचनालयाला एक गोष्ट माहीत असते, जी कुठल्याही निवडणूक पाहणीवाल्याला माहीत नसते. त्यांचं देवघेवीचं कार्ड. गेल्या वर्षात भेटलेल्यांनी सरासरी किती पुस्तकं नेली आणि न भेटलेल्यांनी किती, हे अर्ध्या तासात काढता येतं. दोन्ही आकडे जवळपास असतील तर थोडं निर्धास्त व्हावं. न भेटलेल्यांनी वर्षभर एकही पुस्तक नेलं नसेल तर उत्तरं फक्त उत्साही वाचकांची आहेत, आणि तसं स्पष्ट लिहावं.

सभासद नसलेल्या वाचकांचं काय?

सकाळी आठला 'तरुण भारत' हातात घेऊन बसणारे काका बहुधा सभासद नसतात. सरकारी ग्रंथालयात तर कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यानुसार घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर भरणारा प्रत्येक जण एका अर्थाने मालकच, पण त्याचं नाव सभासदांच्या यादीत नसतं. यादीत जो नाही, तो कितीही चिठ्ठ्या काढल्या तरी येणार नाही. म्हणून पाहणीच्या नावातच लिहावं : 'चालू सभासदांची पाहणी'.

वाचनकक्षात येणाऱ्यांचं मत हवं असेल तर यादी माणसांची नसते, येण्याची असते. दारात बसून दर आठव्या येणाऱ्याला विचारायचं, रोजची सुरुवात वेगळी चिठ्ठी काढून. इथे मोजणीत एक गोम आहे. समजा २० जण महिन्यात २५ दिवस येतात आणि १०० जण महिन्यातून एकदा. येण्याच्या खेपा झाल्या ५०० आणि १००. दर आठवी खेप धरली तर ७५ उत्तरं येतील आणि त्यातली बासष्ट-त्रेसष्ट त्या वीस जणांचीच असतील, तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा. १०० जणांच्या वाट्याला जेमतेम बारा-तेरा. म्हणून प्रत्येकाला "गेल्या ३० दिवसांत किती दिवस आलात?" हा प्रश्न विचारायचा आणि मोजताना त्याच्या उत्तराला तेवढ्याने भागायचं. २५ दिवस येणाऱ्याचं एक उत्तर म्हणजे पंचविसावा भाग, एकदा येणाऱ्याचं पूर्ण एक. देवघेवीच्या रजिस्टरातून दर आठवी नोंद उचलणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे नावं पुस्तकं नेण्याच्या खेपांची असतात, वाचकांची नव्हे.

"११३ जणांवरून १,२७० जणांचं कसं सांगता?"

मोजायची एक ढोबळ रीत आहे. उत्तरं देणाऱ्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. ११३ चं वर्गमूळ १०.६, म्हणजे चूक साधारण ९ टक्के इकडे किंवा तिकडे. ५६ टक्के आले तर खरा आकडा बहुधा ४७ ते ६५ च्या दरम्यान. अशा पाहण्या शंभरदा केल्या तर पाचेक वेळा तो याच्याही बाहेर पडेल. त्यामुळे ५६ विरुद्ध ४४ अशा निकालावर "स्पर्धा परीक्षेची बाजू जिंकली" म्हणत फटाके उडवू नयेत. ८० विरुद्ध २० आले तर निर्धास्त बोलावं.

बैठकीत मग चौथ्या गावाचा प्रश्न निघतोच. "आमच्या गावात किती जणांना कन्नड पुस्तकं हवीत तेवढं वेगळं सांगा." तिथली नावं १३. त्याच सूत्राने चूक २८ टक्के. त्या तेरांपैकी सहा हो म्हणाले यावरून गावाबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही, आणि अहवालात तो तक्ता छापूही नये, कारण छापला की कुणीतरी त्यावर भांडणार. त्या गावाचं वेगळं उत्तर हवंच असेल तर त्याची यादी सुरुवातीलाच वेगळी काढावी आणि तिथे अंतर ८ ऐवजी २ घ्यावं. ११० तून ५५ नावं येतात. सगळे भेटले तर चूक दहा टक्क्यांच्या आत येते, कारण निम्म्या गावालाच विचारून झालेलं असतं. मात्र चारही गावांची बेरीज करताना या गावाचं एक उत्तर २ माणसांचं धरायचं आणि बाकी गावांचं एक उत्तर ८ माणसांचं. हे विसरून नुसती उत्तरं मोजली तर ११० जणांचं गाव ६४० जणांच्या गावाच्या खांद्याला खांदा लावून बोलायला लागतं.